मुलुंड ते सीप्झ : रूळ की रस्ता?

मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. शहर आडवे ओलांडायचे काम बसच्या वाट्याला येते. पेढ्या, गिरण्या आणि कचेऱ्या दक्षिणेकडे होत्या तोवर या वाटणीची तक्रार नव्हती. पुढे १९७३ साली अंधेरी पूर्वेला सीप्झ आले, त्याच्या आसपास कचेऱ्या वाढल्या, आणि मुलुंडला राहून सीप्झला नोकरी करणारा मनुष्यविशेष निर्माण झाला. नकाशावर त्याचे घर आणि कचेरी यांत सरळ रेषेत दहा-एक किलोमीटर अंतर आहे. सरळ रेषेत मात्र कावळेच जातात.

रुळांनी जाणाऱ्याला आधी दादर गाठावे लागते. मुलुंड ते दादर बावीस किलोमीटर, तिथून पश्चिम रेल्वेने अंधेरी साधारण बारा. म्हणजे दहा किलोमीटरच्या कामासाठी चौतीस किलोमीटर, आणि एवढे करूनही स्टेशनपासून सीप्झ चार-पाच किलोमीटर उरतेच. रस्त्याने जाणारा धिम्या गाडीने नाहूर, भांडुप करीत तिसऱ्या स्टेशनला, कांजूरमार्गला उतरतो, पश्चिमेला गांधीनगरपाशी येतो आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने, म्हणजे पवईवरून, बेस्टने जातो. घाटकोपरला उतरून मेट्रो धरणारेही पुष्कळ आहेत. त्यांचा खिसा निराळा आणि तो विषयही निराळा.

दोन्ही वाटांना पहिला अडथळा एकच : मुलुंडला डब्यात शिरणे. ठाण्याच्या पलीकडून येणारी गाडी इथे पोचेपर्यंत भरलेली असते. जाणकार म्हणून आधी उलटे ठाण्याला जातात आणि तिथून सुटणारी गाडी पकडतात. पास अर्थातच ठाण्यापासूनचा काढावा लागतो. तो मुलुंडपासूनचाच असेल तर टीसी भूगोलाची परीक्षा घेतो. दादरला जाणाऱ्याला या उलट्या फेरीचा उपयोग आहे, कारण अर्धा-पाऊण तास बूड टेकते. कांजूरवाल्याने हा खटाटोप करू नये. खिडकीशी जाऊन बसलेल्याला चार स्टेशनांनंतर दारापर्यंत पोचता येत नाही आणि तो विक्रोळी पाहून परततो. त्याने चढल्या चढल्या ‘कांजूर उतरणार?’ हा प्रश्न पुढच्या पाठीला विचारावा. होकार आला तर त्या पाठीला चिकटून राहावे. नकार आला तर ती पाठ बदलावी.

दादरचा पूल हे स्वतंत्र प्रकरण आहे. २०२३च्या डिसेंबरपर्यंत तिथे मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट आपापले एकपासून मोजले जात, त्यामुळे ‘एक नंबरला भेटू’ असे ठरवणारी माणसे दोन वेगवेगळ्या रेल्वेंवर एकमेकांची वाट पाहात. आता क्रमांक सलग चौदापर्यंत आहेत. गर्दीत फरक पडलेला नाही, चुकामूक तेवढी कमी झाली.

बसमध्ये अंग इतके चेपले जात नाही आणि भाडेही भारी नाही. २०२५च्या मे महिन्यातल्या वाढीनंतर साध्या बसला पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये आणि दहापर्यंत पंधरा. खरी अडचण वेळेची. बस मोबाइलवर तीन मिनिटांवर दिसते आणि बराच वेळ तीनच मिनिटांवर राहते. ती थांब्याच्या वीस पावले पुढे उभी राहते, रांग मोडते आणि रांगेतला शेवटचा माणूस पहिला चढतो. आत कंडक्टर ‘पुढे चला, पुढे रिकामं आहे’ म्हणतो. पुढे काय रिकामे आहे ते फक्त त्यालाच दिसते. आयआयटीच्या फाटकापर्यंत गाडी पळते. मग पवई तलाव येतो, आणि इतका वेळ उजवीकडे राहतो की प्रवाशाला त्यातल्या जलपर्णीची वाढ सवडीने पाहता येते. पुढे साकीविहारच्या वळणापर्यंत मेट्रोच्या खांबांनी रस्ता वाटून घेतलेला.

आता हिशेब. दादरमार्गे गाडी, पूल, पुन्हा गाडी आणि शेवटची बस किंवा शेअर रिक्षा मिळून दीड तासाच्या आसपास जातात आणि बहुतेक दिवशी तेवढेच जातात. कांजूरमार्गे सकाळी साडेसातला निघालेला माणूस पाऊण तासातही पोचतो. नऊला निघालेल्याला तीच वाट तासाची, दीड तासाची किंवा त्याहून अधिकची होते, आणि आज कितीची ते गांधीनगरला उभे राहून सांगता येत नाही. सरासरी काढली तर बस जिंकते. पण हजेरीचे यंत्र सरासरी मागत नाही, त्याला रोजचा अंगठा लागतो. म्हणून सरासरीपेक्षा कोणता रस्ता किती वेळा दगा देतो, हे मोजणे बरे.

जोराच्या पावसात हा हिशेब कोलमडतो. शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी चढले की दादरची वाट आधी बंद पडते. बस निदान रांगत तरी राहते.

तेव्हा निकाल असा : आठच्या आत घर सोडता येत असेल तर कांजूर आणि बस. नऊनंतर निघणाऱ्याने, कचेरीत अंगठा असेल तर दादर धरावे. नसेल तर बसच घ्यावी, आणि बसायला जागा मिळाली तर उजव्या खिडकीची घ्यावी.