एकसष्टावा दिवस

परीक्षेच्या आदल्या रात्री, वसतिगृहाच्या गच्चीवर.

“मोबाइलचोराला १ मार्चला कोठडी मिळाली. तपास संपेना. आता?”

“कलम १६७.”

“ते गेलं. १ जुलै २०२४ पासून १८७. काकांचं पुस्तक वापरतोस काय रे?”

“दिवस तर तेच! फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि वर असेल तर नव्वद. साध्या चोरीला साठ. रिमांडचा दिवस धरून २९ एप्रिलला साठ भरले. ३० तारखेला जामीन हक्काचा.”

“आपोआप?”

“छे! मागावा लागतो. आरोपीला आत बसून कॅलेंडर मोजता आलं पाहिजे.”

“आणि त्याचा वकील चहा पिऊन येईपर्यंत पोलिसांनी दोषारोपपत्र टाकलं तर?”

“हक्क संपला. साठ दिवस घोरणारा तपास एकसष्टाव्या सकाळी खडबडून जागा होतो.”

“अर्ज आधी पडला असेल तर?”

“मग दोषारोपपत्र मागून आलं तरी जामीन द्यावाच लागतो. गुन्हा किती गंभीर, तेही बघायचं नाही.”

“म्हणजे सुटला!”

“जामीनदार मिळाला तर. मोबाइल चोरणाऱ्याच्या ओळखीत सातबारावाला कोण असतो?”

“हे लिहायचं?”

“नको. पाच मार्कांत बसत नाही.”