भाऊंचा सुधारित प्रकल्प

चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या उंद्रीत तूरही होते आणि सोयाबीनही. त्यामुळे आपली तूर दुसऱ्याच्या गिरणीत घालण्यापेक्षा आपणच डाळ करून विकावी, असं आयुष्यात एकदाही वाटलं नाही असा शेतकरी इथं विरळाच. भाऊंनाही ते वाटलं. भाऊ हा कुणी एक माणूस नव्हे. रस्त्याला लागून थोडी जागा, सोसायटीच्या राजकारणात एक पाय आणि खिशात दोन पेनं असलेला हा गृहस्थ चिखलीतही भेटतो, मेहकरातही भेटतो. उंद्रीचे भाऊ त्यातले जरा जास्त उत्साही.

भाऊंच्या वाट्याला आलेला सल्लागार म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेतला ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’. हुद्दा भारदस्त असला तरी माणूस कृषी पदवीधर, वाहन दुचाकी. त्याची टीम म्हणजे तो स्वतः, आकडेमोड करणारा एक अकाउंटंट आणि कागद स्कॅन करणारा एक मुलगा. त्याच्या मेहनतान्याची रीत समजून घेतली की पुढचा सगळा विनोद कळतो. अर्जदारानं त्याला काही द्यायचं नसतं. बँकेनं कर्ज मंजूर केलं की सरकार एका प्रकरणामागे २० हजार रुपये देतं. त्यातले निम्मे मंजुरीनंतर, उरलेले नोंदणी-परवान्यांची कामं उरकल्यावर. मंजुरी नाही तर शून्य. म्हणजे भाऊंनी एकदा विचार बदलला काय किंवा दहादा बदलला काय, भाऊंचा खर्च चहाचा आणि सल्लागाराचा पेट्रोलचा.

पहिला प्रकल्प खरंच चांगला होता. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं विकसित केलेली ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ वऱ्हाडात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच धर्तीची छोटी गिरणी, सोबत चाळणी, पॅकिंग यंत्र आणि एक साधं शेड. सगळं मिळून १२ लाख. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० किलो डाळ धरली, चुनी-फोल वेगळं विकायचं ठरलं, आणि हप्ता भरून वर पुरेसं उरतं असा हिशोब जमला. अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. भाऊंचा स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के, म्हणजे १ लाख २० हजार. बाकी कर्ज. भाऊ म्हणाले, “साहेब, तुम्ही तं देवासारखे भेटले.”

त्याच संध्याकाळी भाऊंना पारावर कुणीतरी सांगितलं की या योजनेत अनुदान १० लाखांपर्यंत मिळतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. “मले १० लाखवालं पाह्यजे.” सल्लागारानं समजावलं की १० लाख ही कमाल मर्यादा आहे, ३५ टक्क्यांनी तिथं पोचायचं तर प्रकल्प साडेअठ्ठावीस लाखांच्या वर जातो आणि भाऊंचा हिस्सा जवळपास पावणेतीन-तीन लाख होतो. पहिलं वाक्य भाऊंनी ऐकलं. दुसऱ्याच्या वेळी रेंज गेली.

मग आकडा वाढवायला वस्तू शोधणं सुरू झालं. सोयाबीन तर घरचंच, तेव्हा तेल काढू! सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम १८ ते २० टक्के. दाबून काढलं तर त्यातलंही बरंच पेंडीत राहतं. म्हणून मोठे कारखाने द्रावक वापरून ते ओढून घेतात, आणि तसला कारखाना उंद्रीच्या शेडात बसत नाही. लाकडी घाण्यावर करडई, शेंगदाणा चालतो कारण त्यात तेल भरपूर आणि गिऱ्हाईक चवीचे पैसे देतं. भाऊंनी हे सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “मंग घाणाच लिहा. अन् मिरची कांडपही लिहून ठेवा, शेजारी जागा आहेच.”

शेडचंही तसंच. आधी साधं, मग उंच, मग रस्त्याकडे तोंड करून मोठं फाटक. सल्लागाराला वाटलं ट्रक आत यायचा असेल. भाऊंनी खरं कारण नंतर सांगितलं: गिरणी बंद असते त्या हंगामात तिथं लग्नं लावता येतील. योजनेत तांत्रिक बांधकामाचा खर्च ३० टक्क्यांच्या आतच धरतात, जागेची किंमत तर मुळीच धरत नाहीत. मंगल कार्यालय कुठल्याच रकान्यात बसेना.

इथं एक गोष्ट वाचकाला सांगायला हवी, कारण भाऊंना ती अजून पटलेली नाही. यंत्र बदललं की अहवालातला एकच आकडा बदलत नाही. पुरवठादाराचं जीएसटीसह नवं कोटेशन लागतं, कारण बँक पैसे थेट त्यालाच देते. मोटरी वाढल्या की महावितरणकडून मागायचा वीजभार बदलतो. घाणा आला की कच्चा माल करडईचा, तो उंद्रीत किती मिळणार, हा प्रश्न येतो. उत्पन्नाचा अंदाज बदलतो, आणि हप्त्याच्या मानानं शिल्लक पुरेशी दिसत नाही. बँकेचा अधिकारी तिथंच बोट ठेवतो.

सगळं पुन्हा जुळवून झालं, आणि भाऊंनी अर्जदारच बदलला. पीककर्ज थकीत असल्यानं त्यांचा सिबिल स्कोअर घसरला होता. ही बाब त्यांनी पहिल्या भेटीत सांगितली नव्हती, “तुम्ही इचारलंच कुठं?” असं त्यांचं म्हणणं. विचारलं होतं, तेव्हा भाऊ चहा सांगायला आत गेले होते. आता अर्ज मुलाच्या नावानं. म्हणजे पॅन, उद्यम नोंदणी, कोटेशनवरचं नाव, जागेचा भाडेकरार, सगळं नव्यानं. “सुनबाईच्या नावानं दुसरा टाकला तं डबल अनुदान भेटंल का?” हा प्रश्नही येऊन गेला. एका कुटुंबातून एकालाच, असा नियम ऐकल्यावर भाऊंना सरकारविषयी मनापासून वाईट वाटलं.

अखेर बँकेत बैठक झाली. शाखाधिकाऱ्यांनी विचारलं, एवढा उशीर का? भाऊंनी खुर्ची पुढे ओढली. “साहेब, म्या पहिल्या दिवसापासून म्हनतो, साधी डाळ गिरणी पाह्यजे. या पोराच्या टीमनं कुठं कुठं नेऊन ठेवलं पाहा.” पहिल्या भेटीतला ‘साहेब’ बँकेत ‘पोरगा’ झाला होता. स्कॅन करणारा मुलगा खिडकीबाहेर बघू लागला. अकाउंटंटच्या लॅपटॉपवर भाऊंचे सहा अहवाल होते, शेवटच्या फाईलचं नाव ‘अंतिम अंतिम नवीन’.

सल्लागार वाद घालत बसला नाही. त्यानं पिशवीतून एक साधी वही काढली. लग्नाच्या फाटकानंतर त्यानं एक सवय लावून घेतली होती: काय बदललं, कुणी सांगितलं, किती खर्च वाढला, किती दिवस वाढले, तारीख, आणि खाली भाऊंची सही. दोन्ही पेनांनी केलेल्या सह्या होत्या. शाखाधिकाऱ्यांनी वही चाळली, भाऊंकडे पाहिलं आणि पहिला, १२ लाखांचा अहवाल मुलाच्या नावानं द्यायला सांगितलं.

भाऊंची एक बाजू मात्र खरी आहे. अनुदान हातात येत नाही. ते कर्जखात्याशी जोडलेल्या राखीव खात्यात तीन वर्षं राहतं आणि कर्ज नीट फिटत असेल तरच वळतं होतं. पारावर मात्र फक्त १० लाखांचा आकडा पोचतो. ज्या योजनेची कमाल मर्यादा सगळ्यांना पाठ असते आणि अटी एकालाच, तिथं भाऊ तयार होणारच.

तेव्हा उंद्रीत, अमडापुरात किंवा आणखी कुठं असा उद्योग काढणार असाल, तर अर्ज कुणाच्या नावानं आणि यंत्र कोणतं, एवढ्या दोन गोष्टी कोटेशन मागवण्याआधी घरात बसून ठरवा. थकीत कर्ज असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, चहा नंतर आला तरी चालेल.