चर खोदा, त्यात ५ साठवा

जगात जर्मनी आणि भारतात परभणी, ही म्हण आमचीच. तेव्हा संगणकाच्या मराठीचा निकालही इथेच लागणार. २०२१-२२ पासून एआयसीटीईने अभियांत्रिकी भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली, आणि जिंतूरचा आमचा भाचा मराठी पुस्तकावरून प्रोग्रामिंग शिकू लागला. परवा फोन आला : "मामा, पुस्तकात लिहिलंय, एक चर घोषित करा आणि त्यात ५ साठवा."

आमच्याकडे चर म्हणजे उतारावर पाणी जिरवायला खणतात तो. त्यात पाच टँकर पाणी साठेल, पण भाच्याला एवढंच लिहायचं होतं :

```c
int x = 5;
```

व्हेरिएबलला हिंदी परिभाषेत 'चर' म्हणतात. कुणीतरी तो तसाच मराठीत आणून लावला. आता गंमत अशी, की हाच पोरगा बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' सोडवून आलाय. 'चल' घरातच होता. पण शेजारून उसनं आणलं की अनुवाद भारदस्त दिसतो.

पुढच्या पानावर 'कोष्ठक बंद करा'. भाचा तक्ता शोधत बसला. कारण मराठीत कोष्टक म्हणजे रकाने आणि ओळी. हिंदीत तेच कोष्ठक म्हणजे आपला कंस. पडद्यावर मात्र तक्रार लिहिली होती : `expected ')' before ';' token`. यंत्राने चूक चिन्हानिशी दाखवली होती, गोंधळ घातला तो पुस्तकाने.

"म्हणून म्हणतो, सगळं इंग्रजीच देवनागरीत लिहा," असं आमचे एक गुरुजी म्हणाले. ठीक. मग 'फंक्शन' घ्या. परभणीत फंक्शन हॉलमध्ये होतं आणि त्याला जेवण असतं. 'फंक्शन एकदा लिहा, मग हवं तेव्हा कॉल करा' हे वाक्य भाच्याने घरात मोठ्याने वाचलं, तर त्याच्या आईने विचारलं, "कुणाचं?"

शब्द पाडायचा उद्योग इथे नवा नाही. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठासाठी हैदराबादेत अख्खं भाषांतर खातं बसवलं होतं. तिथे शास्त्रांचे शब्द अरबी-फारसीतून घडवत. आज परभणीच्या वर्गात त्यातलं काय ऐकू येतं? कचेरीतले दावा, तारीख, दाखला मात्र टिकले. त्यांना समिती नव्हती, रोजचं गिऱ्हाईक होतं.

तेव्हा मी भाच्याला माझा तह सांगितला. कंपायलर जे वाचतो, ते इंग्रजीतच टाइप कर. दहावीपर्यंत जे मराठीत शिकलास, चल, कंस, अर्धविराम, ते सोडू नको. उरलं ते वर्गात सगळे म्हणतात तसं म्हण.

"आणि परीक्षेत?"

"परीक्षेत पुस्तकातलंच लिही. चर खोद."

"किती फूट, मामा?"

हे काही मी सांगू शकलो नाही. पुस्तकात नुसतं ५ आहे.