भातजमिनीवर बंगला: पाया निवडण्याची नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

पेण-अलिबागच्या खारेपाटात तुम्ही दोन गुंठे घेतलेत. जमीन एनए आहे, रस्ता आहे, विजेचा खांब दारात आहे. पूर्वी इथे भात व्हायचा आणि बांध घालण्याच्या आधी भरतीचं पाणी यायचं, असं शेजारचे काका सांगतात. जुन्या माणसांना जुन्या गोष्टी सांगायची सवयच असते. तिकडे लक्ष न देता कामाला लागू.

पहिली पायरी अर्थातच टाइल्सची. मग समोरची बाजू कशी दिसणार, तिचं रंगीत चित्र करून घ्या. पाया कुणालाच दिसत नाही, म्हणून तो शेवटी आणि मिस्त्रीच्या सवडीने ठरवायचा.

दुसरी पायरी भरावाची. प्लॉट रस्त्यापेक्षा चार फूट खाली आहे, तेव्हा मुरुमाचे डंपर मागवा. वरून रोलर फिरला की जमीन अशी टणक लागते की टाच आपटली तर टाचच दुखते. आता थोडा हिशेब करू, पण तो मनातच ठेवा, घरात कुणाला सांगू नका. दाबलेला मुरूम घनमीटरला साधारण १.८ टन भरतो. चार फूट म्हणजे १.२ मीटर, म्हणजे दर चौरस मीटरवर जवळपास २.२ टन. तुमचं तळमजला अधिक एक मजला घर त्याच्या संपूर्ण जागेवर सारखं पसरलं, तर दर चौरस मीटरला सुमारे २.५ टन भरतं. म्हणजे एक वीटही न लावता तुम्ही खालच्या मऊ चिकणमातीवर जवळजवळ एक घर ठेवून मोकळे झालात. त्या ओझ्याखाली मातीतलं पाणी हळूहळू बाहेर पडतं, माती बसत जाते, आणि चिकणमातीतून पाणी निघायला महिने नाही, वर्षं लागतात. घाई नसलेली काही माणसं भराव आधी टाकतात, त्यात लोखंडी खुंट्या ठोकतात आणि दूरच्या एखाद्या पक्क्या खुणेवरून महिन्याला एकदा त्यांची लेव्हल घेतात. लेव्हल उतरायची थांबली की मगच ती पायाला हात घालतात. तुम्हाला मात्र अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त गाठायचा आहे.

तिसरी पायरी म्हणजे माती परीक्षणाचे पैसे वाचवणे. अगदीच कुणी आग्रह धरला तर भरावावरच प्लेट लोड टेस्ट करून घ्या. ३० सेंटीमीटरच्या पोलादी प्लेटवर वजन चढवायचं आणि ती किती दबते ते पाहायचं. रिझल्ट झकास येतो, कारण तेवढ्याशा प्लेटचा दाब खाली जेमतेम दोन फुटांपर्यंत जाणवतो, आणि तिथपर्यंत सगळा तुमचाच मुरूम आहे. ज्या चिकणमातीवर घर बसणार, तिला या परीक्षेचा पत्ताही लागत नाही. खालचं खरोखर जाणून घ्यायचं असेल तर प्लॉटच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत बोअर घ्यावे लागतात, कठीण थर लागेपर्यंत किंवा निदान दहा-बारा मीटर. मऊ थरांतून न विस्कटलेले नमुने नळीत काढून प्रयोगशाळेत द्यावे लागतात. बोअर दोन घ्यायचे ते एवढ्यासाठी, की एका कोपऱ्याखाली जुना बांध निघतो आणि दुसऱ्याखाली बुजवलेला ओहोळ. पायाची निवड त्या फरकावरच ठरते.

समजा, चुकून तुम्ही बोअर घेतलेच आणि रिपोर्टमध्ये सुरक्षित धारणक्षमता आली ५ टन प्रति चौरस मीटर. आता मिस्त्रीला बोलवा. तो म्हणेल, "साहेब, पाच बाय पाचचं फुटिंग टाकू. वर हत्ती उभा करा!" हत्तीचं वजन फार तर पाच-सहा टन असतं, त्यामुळे त्याचं म्हणणं खरंच आहे. अडचण कॉलमची आहे.

घर ९ मीटर लांब, ८ मीटर रुंद. लांबीत तीन-तीन मीटरवर चार कॉलम, रुंदीत चार-चार मीटरवर तीन, एकूण बारा. मधल्या कॉलमच्या वाट्याला १२ चौरस मीटर जागा येते, म्हणजे ३० टन भार. फुटिंगचं स्वतःचं आणि वरच्या मातीचं वजन म्हणून दहा टक्के वाढवा, झाले ३३. पाच बाय पाच फूट म्हणजे २.३ चौरस मीटर. जमिनीवर दाब आला १४ टन, आणि तिची ताकद आहे ५. त्या कॉलमला खरं तर ६.६ चौरस मीटर हवेत, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे २.६ मीटर. शेजारचा कॉलम तीन मीटरवर, तेव्हा दोन फुटिंगांच्या मधे उरली ४० सेंटीमीटर. जेसीबीवाला ती मधली भिंत राखून खणेल अशी तुमची श्रद्धा असेल तर सुटी फुटिंगं खुशाल निवडा. ओल्या चिकणमातीत ती भिंत संध्याकाळपर्यंत आपोआप खड्ड्यात येते.

सगळ्या बारा फुटिंगांची मिळून जागा होते जवळपास ४० चौरस मीटर, घराच्या ७२ पैकी निम्म्याहून जास्त. निम्म्याच्या आसपास गेलं की अनुभवी इंजिनिअर सुट्या फुटिंगांचा नाद सोडतो. कागदावर ती बसतात, पण प्रत्येक फुटिंग आपापल्या मर्जीने खाली जातं. ओहोळावरचं जास्त, बांधावरचं कमी. घर सगळीकडून सारखं तीन इंच बसलं तर फार तर पायरी आणि ड्रेनेजचे पाइप कुरकुरतात. पण तीन मीटरवरच्या दोन कॉलमांत एक सेंटीमीटरचा फरक पडला की भिंतीला भेगा जायला सुरुवात होते. हे प्रमाण तीनशेला एक, आणि घराच्या पायात सगळं भांडण त्या एका सेंटीमीटरचं असतं.

यावर उपाय म्हणून पट्टी पाया. एका रांगेतले चारही कॉलम एकाच सलग पट्टीवर, वर उलट्या बीमसारखी जाड बरगडी. मधल्या रांगेवर घराचा निम्मा भार, म्हणून तिथे पट्टी सव्वादोन मीटर रुंद, कडेच्या दोन्ही सव्वा-सव्वा मीटर. एखादा कॉलम खाली जायला लागला तर पट्टी त्याचा भार शेजाऱ्यांवर ढकलते. पण ही एकजूट लांबीच्याच दिशेने असते. आडव्या दिशेला तीन पट्ट्या तीन भावांसारख्या वेगळ्या राहतात, म्हणून त्यांना आडव्या बीमांनी बांधावं लागतं. ते बीम ड्रॉइंगमध्ये असतात. साइटवर ते गळाले तर पैसे वाचल्याचा आनंद तुम्हाला दोन पावसाळे पुरतो.

खरं सांगायचं तर घर नुसतं तळमजल्याचं, भिंतींवर उभं असतं, तर हा लेख इथेच संपला असता. नऊ इंची भिंत आणि तिच्यावर येणारा स्लॅब मिळून मीटरला साधारण पाच टन, आणि जमिनीची ताकद पाच. एक मीटर रुंद पट्टी पुरली असती. पण "पुढेमागे मुलासाठी वर एक मजला" हे वाक्य आपल्याकडे पाया भरून झाल्यावर बोलायची पद्धत आहे. ती पाळा.

आता राफ्ट. घराखाली एकच सलग स्लॅब, कडेने अर्धा-अर्धा मीटर बाहेर काढलेला. ९० चौरस मीटर गुणिले ३० सेंटीमीटर, म्हणजे २७ घनमीटर, साडेनऊ ब्रास काँक्रीट. सुट्या फुटिंगांच्या जवळपास दुप्पट. दाब मात्र राफ्टच्या वजनासकट पावणेतीन टनांवर येतो. त्यामुळे "राफ्ट टाकलंय, आता काय चिंता नाही" असं शेजाऱ्यांना सांगायला हरकत नाही. फक्त एक गोष्ट सांगू नका. रुंद पायाचा दाब खोलवर जातो. एकटं अडीच मीटरचं फुटिंग पाचेक मीटर खोलपर्यंत जाणवतं, तर ९ मीटरचं राफ्ट त्याच्या तिपटीहून जास्त खोल. खाली पंधरा मीटर मऊ गाळ असेल तर राफ्टही बसणारच. (खेटून टाकलेली सुटी फुटिंगं मिळून तेवढीच खोल जाणवतात, फक्त राफ्टचा ताठरपणा त्यांच्यात नसतो.) राफ्ट बसणं थांबवत नाही, ते फरक कमी करतं. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोना इथे १९१३ साली राफ्टवर उभं असलेलं धान्याचं प्रचंड कोठार पहिल्यांदाच भरत असताना दिवसभरात सुमारे २७ अंश कललं. कोठार जवळजवळ अखंड राहिलं, पुढे ते सरळही केलं. घर कललं तर अखंड राहिल्याचं समाधान तुम्हालाही मिळेल. गाळ खरोखरच इतका खोल असेल तर प्रश्न या तिघांतला राहत नाही, पाइलचा होतो.

राफ्टची सळई बांधताना मिस्त्रीवर पूर्ण विश्वास ठेवा. स्लॅबला मुख्य सळई खाली असते हे त्याच्या हातात बसलेलं आहे. राफ्ट हा उलटा स्लॅब. जमीन खालून वर ढकलते, म्हणून कॉलमच्या मधल्या भागात मुख्य सळई वरच्या जाळीत हवी आणि कॉलमखाली खालच्या जाळीत. वरची जाळी वाकवलेल्या सळईच्या चेअरवर उभी असते. काँक्रीट ओतताना दहा माणसं तिच्यावरून घमेली घेऊन चालतात आणि चेअर एकेक करून आडव्या पडतात. संध्याकाळी दोन्ही जाळ्या तळाशी गुण्यागोविंदाने पडलेल्या असतात आणि वरून राफ्ट सुरेख दिसतं. चेअर मीटरभर अंतरावर आणि जाड सळईच्या आहेत का, हे पाहायचं असेल तर ट्रक यायच्या आधी जाळीवर स्वतः चालून पाहा; पायाखाली ती झुलली तर काम थांबवा. अर्थात त्यामुळे मिस्त्रीचा मूड जातो.

थोडक्यात आपल्या प्लॉटपुरतं: दोन्ही बोअर सारखे निघाले आणि कठीण थर आठ-दहा मीटरवर असेल, तर आडव्या बीमांनी बांधलेल्या पट्ट्या पुरतात. एका कोपऱ्याखाली ओहोळ निघाला तर राफ्ट. सुटी फुटिंगं तेव्हाच, जेव्हा धारणक्षमता दहा टनांच्या पुढे असेल. पण मग ती जमीन मऊ म्हणवत नाही आणि तुम्ही खारेपाटातही नाही.

शेवटची पायरी पोर्चची. घर पुरं झालं, गाडी आली, की पोर्चसाठी दोन कॉलम वेगळ्या खड्ड्यात उभे करा आणि पोर्चचा स्लॅब घराच्या भिंतीत घुसवून टाका. घर राफ्टवर आपल्या वेगाने बसतंय, पोर्च भरावावर आपल्या वेगाने. वर्षभरात जोडाच्या जागी भिंतीत तिरकी भेग निघते. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलची रेघ आणि तारीख टाका. पावसाळ्यानंतर भेग रेघेपुढे गेली असेल तर हालचाल चालू आहे असं समजा आणि रंगारी बोलवू नका. हे टाळायचंच असेल तर घर आणि पोर्च यांच्यामध्ये वरपासून खालपर्यंत इंचभर सांधा मोकळा ठेवा, आणि तो सांधा टाइल लावणाऱ्यापासून जपा. तो त्यात सिमेंट भरून, पुसून, वर एक मॅचिंग पट्टी लावून देतो, तीही फुकट.