तेल न खाणारी गाडी

"भाऊजी, जास्वंदीला पाणी नंतर घाला. आधी एक हिशेब ऐका." कुंपणाच्या पलीकडून वहिनींनी बिस्किटाचा डबा पुढे केला. आत बिस्किटं नव्हती, पेट्रोल पंपाच्या पावत्या होत्या.

वहिनींच्या मोठ्या चिरंजीवांनी मार्चमध्ये तेरा वर्षांची जुनी डिझेल गाडी आणली. उंच, सात सीटची, तीन लाखांत. गल्लीतल्या प्रत्येकाने बोनेटवर हात ठेवून तोच निकाल दिला होता: हत्ती घेणं सोपं, पोसणं कठीण.

"परवा कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, डिझेलात बुडाल तुम्ही. म्हटलं, बघूच."

"मग काय निघालं?"

"गावात-घाटात मिळून ॲव्हरेज अकराचं. टाकी काठोकाठ भरायची, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ, मधले किलोमीटर भागिले लिटर. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. वर्षाला आमचं दहा हजार किलोमीटर होईल. नव्वदच्या भावाने ब्याऐंशी हजारांचं डिझेल."

"आणि ती दुसरी, पावणेपाच लाखांची छोटी पेट्रोल गाडी घेतली असती तर?"

"सतराचं ॲव्हरेज, पेट्रोल एकशे चार. एकसष्ट हजार. म्हणजे हत्ती एकवीस हजार जास्त खातो. ऑइल बदलताना सहा लिटर लागतं, छोटीला साडेतीन. फिल्टरही महाग. त्याचे धरा दोन हजार. तेवीस झाले. वाचवलेले पावणेदोन लाख फिटायला साडेसात वर्षं!"

मी एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं इंजिनं उघडली, पण असा हिशेब आमच्या स्टोअरकीपरनेही कधी मांडला नाही. तरी म्हटलं, "साडेसात वर्षांनी गाडी विशीच्या पुढे असेल, वहिनी. पंधराव्या वर्षीच आरटीओत पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स. आणि पोरगा रोज पुण्याला जायला लागला, वर्षाला पंचवीस हजार किलोमीटर पडले, तर तुमची बचत तीन वर्षांत साफ."

"रोज कुठला जातोय! आठवड्यातून एकदा."

"मग डिझेलची काळजी सोडा. ऑइल खाते का?"

"खात असती तर?"

"हजार किलोमीटरला लिटरभर खाल्लं तरी वर्षाचे चार हजार. पैशाने ते काही फार नाही. पण ते जातं कुठे हे बघायचं. एक्झॉस्टमधून निळसर धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात किंवा टर्बोचं सील गेलंय. खर्च ऑइलचा नसतो, त्यामागच्या कामाचा असतो."

वहिनींचा चेहरा खुलला. "आमच्या गाडीला धूर नाही न् काही नाही. तीन महिन्यांपूर्वी ऑइल बदललं, तेव्हा काडीवर बरोबर वरच्या खुणेला होतं. आज सकाळी बघितलं तर खुणेच्या बोटभर वर! खाणं सोडाच, वाढलंय. काकूंना हेच सांगणार आहे."

मी पाण्याचा नळ बंद केला.

"काडी कधी बघितलीत? गाडी सपाटीवर होती?"

"अंगणातच. रात्रभर बंद होती. का हो?"

"ऑइल इंजिनात जन्माला येत नाही, वहिनी. वाढलं म्हणजे दुसरं काहीतरी त्यात उतरतंय. काळं झालंय म्हणून घाबरू नका, डिझेलचं ऑइल दोन दिवसांत काळं होतंच. वास घेतलात का?"

त्यांनी काडी पुसलेला वर्तमानपत्राचा तुकडा कुंपणावरून दिला. बोटाला पाण्यासारखं पातळ लागलं. वास थेट पंपावरचा.

"इंजेक्टर गळतोय. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये जातंय. पातळ ऑइल बेअरिंग आणि टर्बो सांभाळू शकत नाही. आणि पातळी फार चढली तर ते ब्रीदरवाटे वर खेचलं जातं. मग इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत रेस होत सुटतं, किल्ली काढली तरी थांबत नाही."

"खर्च?"

"आधी चारही इंजेक्टरांची परतगळती मोजायची. एकच दोषी निघाला तर थोडक्यात सुटाल. चारही नवे घालावे लागले तर पन्नास हजारांच्या घरात."

वहिनींनी डब्यातली पेन्सिल काढून पावतीच्या मागे आकडेमोड केली. "म्हणजे माझी दोन वर्षं गेली."

"वेळेत बघितलंत म्हणून दोनच. इंजिन बसलं असतं तर साडेसातही पुरली नसती."

तेवढ्यात अंगणातून किल्ल्यांचा आवाज आला. चिरंजीव पुण्याला निघाले होते.

"अरे, स्टार्टर मारू नकोस!" वहिनी पदर खोचत धावल्या. डबा माझ्या कुंपणावरच राहिला.