शनिवारी उगवलेला बुधवार

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी साडेदहा वाजता बहिणीच्या स्वयंपाकघरात सोमवार उरकला आणि थेट शुक्रवार सुरू झाला. अकरा वाजता त्याच्या पुढच्या आठवड्यातला बुधवार लागला. भाची ओट्याजवळ उभी राहून फोनला सांगत होती, ‘डब्याला काय द्यायचं, हा रोजचा प्रश्न.’ मी मामा या नात्याने पंख्याच्या बटणावर होतो. चालू टेक संपेपर्यंत पंखा बंद, टेक संपला की चालू.

भाची नोकरी सांभाळून रोज एक रील टाकते. म्हणजे लोकांना तसं वाटतं. प्रत्यक्षात एका शनिवार-रविवारी बारा रील्स उरकायच्या आणि पुढचे दोन आठवडे त्या एकेक करून सोडायच्या. रविवार दोन्ही रिकामे. मध्येच टोमॅटोचा भाव भडकला की त्या दिवशी ताजं काहीतरी टाकायचं आणि ठरलेली रील रविवारी ढकलायची. एवढ्या सगळ्या बेतात ही एकच गोष्ट मला खरी वाटली.

बारा भाषणं शुक्रवारी रात्रीच लिहून झाली होती. तीस सेकंदांत मराठीचे साठ-पासष्ट शब्द मावतात. त्याहून वाढले की बाई बातम्या वाचतेय असं वाटतं. त्यातून ‘आज’, ‘काल’ आणि ‘आत्ताच बाजारातून आले’ हे लाल पेनाने खोडलेलं. शनिवारी म्हटलेला ‘आज’ पुढच्या गुरुवारी खोटा पडतो, म्हणून तो आमच्या घरात दोन दिवस निषिद्ध होता.

वार उड्या मारत होते ते कुडत्यांमुळे. चार कुडते, बारा रील्स. पिवळा पहिल्या, पाचव्या आणि नवव्या रीलला. निळा दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या. म्हणजे बघणाऱ्याला सलग दोन दिवस एकच कपडा दिसत नाही. शूटिंग मात्र कुडत्याच्या क्रमाने: पिवळ्यात तिन्ही बोलून घ्यायच्या, मग कपडे बदलायचे. प्रत्येक टेकच्या आधी रीलचा आकडा लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर धरायचा, नाहीतर रात्री फोनमध्ये चाळीस तुकडे असतात आणि कुठला कशाचा याचा पत्ता नसतो. सरकारी कचेरीला जमलं नाही एवढं शिस्तबद्ध काम एका ओट्यावर चाललं होतं.

घात केला तो भिंतीवरच्या घड्याळाने. दुसरं वाक्य अडखळलं म्हणून चहानंतर पुन्हा घेतलं. जोडून पाहिलं तर भाचीने अकरा दहाला श्वास घेतला होता आणि अकरा चाळीसला सोडला होता. घड्याळ उतरवलं, खिळा उरला. उन्हाला मात्र उतरवता येत नाही. खिडकी पूर्वेची, साडेबारानंतर ओट्यावरचा उजेड गेला, ट्यूब लावली आणि चेहरा निळसर दिसू लागला. शिवाय शूटिंगच्या क्रमातल्या नवव्या रीलला आवाज बसला होता. दहावीतला ‘नमस्कार’ सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायासारखा आला. ज्यांत उत्साह लागतो त्या सकाळी घ्यायच्या, हे दमल्यावर कळतं. तिच्यासकट उरलेल्या तीन रविवारी सकाळी उजेड आल्यावर घेतल्या.

रविवारचा बाकी दिवस हातांचा. चिरणं, फोडणी, डबा भरणं. आधी बाराही भाज्यांचं चिरणं एकदम, मग कढई. कढईच्या बरोबर वर फोन टांगला तर वाफेने लेन्स धूसर होते, म्हणून तो जरा तिरका बांधला. सगळं सुरळीत झालं असं वाटलं, आणि रात्री भेंडीची रील जोडली. बोलणारी बाई पिवळ्या कुडत्यात, भेंडीत मीठ टाकणाऱ्या हाताची बाही हिरवी. मीठ शेजारणीने टाकल्यासारखं दिसत होतं. आता हातांच्या सगळ्या शॉट्सना बाह्या कोपराच्या वर आणि त्याच दोन बांगड्या, असा नियम आहे.

पंधरवडा दोन दिवसांत आटोपला, असं भाची म्हणते. एक रील कापायला आणि खाली अक्षरं टाकायला मिळून तासभर लागतो. असे बारा तास ऑफिसातून आल्यावरच्या संध्याकाळींतून गेले; ते ती बेतात धरत नाही. आणि बारा भाज्या कोणी खायच्या, हे बेतात कुठे लिहिलंच नव्हतं. रविवारी रात्री ताटात पाच भाज्या होत्या. सोमवारी चार. मंगळवारी कारलं कोणाच्या वाट्याला, यावरून मेहुणे आणि मी दोघेही एकाच वेळी उठलो.

त्याच्या पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, भाची संध्याकाळच्या लोकलमध्ये उभी होती. सांगलीहून तिच्या मावशीचा फोन आला. ‘अगं, गवार केलीस ना आज, छान दिसतेय. गूळ किती घातलास?’

भाचीला गवार आठवेना. ‘मावशी, दोन मिनिटांत सांगते हं,’ म्हणून तिने फोन ठेवला आणि स्वतःचीच रील उघडून बघितली.