दुकानाच्या वेळा आणि माझं गद्य

दिवाळीच्या आठवड्यात दुकान कधी उघडं आणि कधी बंद, हे गिऱ्हाइकांना कळवण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. हिशेब बायको बघते, उधारी मुलगा वसूल करतो, साहित्य मी सांभाळतो. वडस्यात किराणा विकणाऱ्या माणसाला हुकमी वाचकवर्ग कुठून मिळणार? पण व्हॉट्सॲपनं तो दिला. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ माणसं मावतात. मेसेज प्रत्येकाला वेगळा जातो, यादीत आणखी कोण आहे ते कुणाला दिसत नाही. आपल्यालाच लेखकानं खास पत्र लिहिलं, असं प्रत्येकाला वाटायला हरकत नाही.

वर पाठवलेला मेसेज दाबून धरून माहिती उघडली, की कुणी वाचला आणि कुणाला नुसता पोचला त्याची नावानिशी यादी मिळते. ही सोय मराठीतल्या भल्याभल्या कवींना नाही. निळ्या टिका बंद करून ठेवणारे काही आहेत. त्यांना मी समीक्षक म्हणतो.

एकच टिक घेऊन बसलेल्यांचं मात्र निदान करावं लागतं. ब्रॉडकास्ट त्यालाच पोचतो, ज्यानं आपला नंबर फोनमध्ये जतन केला आहे. फोन बंद असला किंवा रेंज नसली, तरीही एकच टिक दिसते. यातलं कारण कोणतं हे ओळखायला मी त्या माणसाला थेट वेगळा मेसेज टाकतो. त्याला दोन टिका आल्या आणि ब्रॉडकास्ट एकीवरच अडला, तर समजायचं की इतकी वर्षं आपल्याकडून तूरडाळ नेणाऱ्यानं आपलं नाव लिहून ठेवलेलं नाही. म्हणून आता बिल करताना बायको गिऱ्हाइकासोबतच्या पोराला फोन काढायला लावते आणि तिथंच नंबर जतन करून घेते. कोणत्या नावानं, ते आम्ही बघत नाही. एकदा बघितलं होतं. ‘उधारीवाला’ असं होतं.

२०२५ च्या दिवाळीसाठी मी लिहिलेला मजकूर असा सुरू होत होता: ‘तिमिराच्या ललाटी तेजाचा टिळा रेखणाऱ्या या मंगल पर्वात...’ पुढे पणती होती, वैनगंगा होती, डोलणारं धान होतं. वेळा अकराव्या ओळीत होत्या. बायकोनं वाचलं आणि फोन समोर धरला.

“लोकांना वर पट्टीत एवढंच दिसते. तिमिराच्या ललाटी. उघडून कोण बघते?”

“रसिक बघतात.”

“रसिकांना पोहे पाहिजेत.”

याचा पुरावा तिच्याकडे आदल्या वर्षीचाच होता. मेसेज गेल्यावर एका गिऱ्हाइकाचा फोन आला होता, “भाऊ, तुमच्या शुभेच्छा भेटल्या जी. दुकान कव्हापर्यंत चालू हाय?” मी ते कौतुक समजलो होतो.

तिची दुसरी हरकत ‘लक्ष्मीपूजनाच्या दिवशी’ या शब्दांना होती. त्या वर्षी अमावास्या सोमवारी, २० ऑक्टोबरला दुपारी लागली आणि मंगळवारी संध्याकाळी संपली. आपल्या पंचांगांनी पूजन मंगळवारी धरलं, तर पलीकडे छत्तीसगडात आणि आमच्या काही ठोक व्यापाऱ्यांकडे ते सोमवारीच झालं. कोरचीकडच्या गिऱ्हाइकाचे अर्धे सोयरे सीमेपलीकडचे. त्यानं कोणतं लक्ष्मीपूजन धरायचं? तेव्हा सणाचं नाव नको. तारीख आणि वार हवा.

आणि ‘उद्या’ हा शब्द तर आमच्या जिल्ह्यात मेसेजमध्ये लिहूच नये. धानोऱ्याच्या, कोरचीच्या आतल्या गावात फोन दोन-दोन दिवस मुका असतो. माणूस बाजाराला निघतो, एस.टी. रेंजमध्ये शिरते, आणि खिशात एकदम टिंगटिंग सुरू होतं. ‘उद्या दुकान बंद’ हे त्याला आज कळतं, आणि तो उद्या कालच होऊन गेलेला असतो.

आता मंडईबद्दल सांगतो. आमच्याकडच्या वेळा सणापेक्षा मंडईवर जास्त ठरतात, शिवाय विषय माझ्या आवडीचा आहे. भाऊबीजेपासून झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाची तारीख वेगळी. पाहुणे येतात, लेकी-जावई येतात, सोयरिकी जुळतात. म्हणजे मंडईच्या आदल्या संध्याकाळी त्या गावाला तेल, साखर, बेसन सगळं एकदम लागतं आणि मंडईच्या दिवशी तिथला माणूस दुकानाकडे फिरकत नाही. रात्री नाटक असतं. ते साडेदहाला उभं राहतं आणि कोंबडं आरवल्यावर पडतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दुकान उघडून बसलं, तर गिऱ्हाईक घरी घोरत असतं आणि मालक गल्ल्यावर.

या नाटकांच्या कंपन्या वडस्यात आहेत. आमच्याकडच्या डॉ. परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मी पेढे उधारीवर दिले होते. पण मला मोह आहे तो नाटकाच्या जाहिरातींचा. शीर्षकात कुंकू, आई किंवा बहीण यांपैकी कुणाला तरी त्रास झालेला असतो. अक्षरांना आग लागलेली असते. नायक, खलनायक, विनोदवीर, नर्तकी हे सगळे गोल चौकटींतून आपल्याकडे बघत असतात आणि प्रत्येकाच्या नावामागे कुठलं ना कुठलं सम्राटपद. ही शैली आपल्याला जमेल असं मला नेहमी वाटत आलं. बायको म्हणाली, “जमेल की. पण त्यात तारीख, वार, गाव आणि जागा बघा. लांबून सायकलवरूनही वाचता येते.” मी चौकातल्या भिंतीसमोर जाऊन बघितलं. खरंच वाचता येत होतं.

शेवटी वसुबारसेला, १७ तारखेलाच, हे गेलं:

मंगळ. २१ ऑक्टो. : सकाळी ८ ते दुपारी ४
बुध. २२ : सकाळी ८ ते दुपारी १
गुरु. २३ : बंद
शुक्र. २४ पासून : सकाळी १० ते रात्री १०

चार दिवस आधी, कारण ऐन दिवाळीच्या सकाळी प्रत्येक फोनवर पणत्यांच्या चित्रांचा पूर येतो आणि त्यात आपल्या वेळा वाहून जातात. चित्र नको, साधा मजकूर. रेंज बारीक असली की चित्र धुरकटच राहतं.

सगळं नेटकं झालं, आणि बुधवारी दोन वाजता कोरचीकडची एक आजी शटरसमोर पायरीवर बसलेली दिसली. नातू सोबत होता. त्याच्या फोनवर मेसेज कुरखेड्यात आला, तोवर ते एस.टी.त बसून अर्ध्या वाटेवर होते. आम्ही दुकानामागेच राहतो म्हणून मी शटर उचललं. ती म्हणाली, “तुमी जेवत होते का जी? बसतो आमी.”

मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. दुकानासमोर राहणाऱ्याला माझा मेसेज क्षणात पोचतो. त्यानं खिडकीतून डोकावलं तरी शटर दिसतं. ज्याला भाडं मोडून, दिवस मोडून यायचं आहे, त्यालाच वेळ आधी कळायला हवी, आणि नेमकी त्याच्याकडे एकच टिक. सगळं कसं फोनवर आलं म्हणून भाषणं ऐकतो तेव्हा मला ती पायरी आठवते.

यादीत मग मी फेरबदल केला. नियमानं निळी टिक देणारे, पण समोरच्याच गल्लीत राहणारे रसिक काढले. त्यांच्या जागी आतल्या गावांच्या फाट्यावरचे चहावाले, पानठेलेवाले आणि कुरखेड्याच्या स्टँडसमोरचा सायकल दुरुस्तीवाला घेतला. त्यांच्याकडे रेंज असते आणि तोंडही असतं. फाट्यावर एस.टी.ची वाट बघणाऱ्याला ते सांगतात, “बुधवारी एकलाच बंद होते, आज नको जाऊ.” त्यांना मजकूर वाचून दाखवायचा असतो, म्हणून तो आणखी आखूड झाला. वैनगंगा तर कधीच गेली होती, आता ‘आपला नम्र’सुद्धा गेला.

काढलेल्यांपैकी एकानं विचारलं, “भाऊ, यंदा तुमचं लिहिलेलं काही आलं नाही जी?” त्याला मी संपूर्ण तिमिराचं ललाट वेगळं पाठवलं. आणि वडस्यातल्या एका नाटक कंपनीला जाहिराती लिहायला माणूस हवा आहे असं कानावर आलं आहे. जाऊन भेटायचं आहे, पण त्यांचं ऑफिस कधी उघडं असतं ते कुठंच लिहिलेलं नाही.